त्वरणावरून स्थान-फलन शोधताना: दोन समाकलने, दोन स्थिरांक आणि त्यांचा क्रम

एका सरळ रेषेत जाणाऱ्या कणाचे त्वरण काळाच्या रूपात दिलेले असते, सुरुवातीचा वेग आणि सुरुवातीचे स्थान दिलेले असते, आणि कोणत्याही क्षणीचे स्थान सांगणारे फलन शोधायचे असते. बारावी आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत या प्रकारची उदाहरणे पाहिली, तर समाकलन, म्हणजे वर्गात ज्याला आपण इंटिग्रेशन म्हणतो ते, बहुतेकांना जमलेले दिसते. चुकतात ते स्थिरांक. ही चूक लक्षात न येण्याचे कारणही ठरलेले आहे. उत्तराचे दोनदा अवकलन केले आणि दिलेले त्वरण परत मिळाले, की पडताळा झाला असे मानले जाते. परंतु स्थिरांक चुकले असले तरी हा पडताळा प्रत्येक वेळी बरोबरच येतो. म्हणून या लेखात भर आहे तो स्थिरांक कधी काढायचे, कसे काढायचे आणि ते बरोबर आहेत हे कशावरून ओळखायचे, यावर.

पहिले पाच टप्पे एकाच उदाहरणावर करून दाखवले आहेत. काळ सेकंदांत आणि अंतर मीटरमध्ये धरले आहे.

```
a(t) = 6t + 4e^(-2t),   v(0) = 3,   s(0) = 4
```

## टप्पा १: समाकलनाला हात लावण्यापूर्वीची तयारी

सर्वप्रथम त्वरणाच्या सूत्रात काय काय आहे ते पाहावे. पुढे दिलेली पद्धत फक्त तेव्हाच लागू पडते, जेव्हा उजव्या बाजूला `t` आणि ज्ञात संख्या यांशिवाय काहीही नसते. आपल्या उदाहरणात तसेच आहे. मात्र `a = -4s` असे दिले असेल, म्हणजे त्वरण स्थानावर अवलंबून असेल, तर त्याचे `t` च्या संदर्भात थेट समाकलन करता येत नाही, कारण `s` हे `t` चे कोणते फलन आहे हेच आपल्याला अजून माहीत नाही. तेथे `s` ला स्थिर संख्या समजून `-4st` लिहिणे पूर्णपणे चूक आहे. ते अवकल समीकरण आहे आणि त्याची सोडवण्याची रीत निराळी आहे. त्वरण वेगावर अवलंबून असेल, उदाहरणार्थ हवेचा विरोध धरलेला असेल, तरीही हेच लागू होते.

त्यानंतर दोन्ही अटी समीकरणांच्या रूपात कागदावर लिहून घ्याव्यात. शाब्दिक उदाहरणांत अटी बहुधा शब्दांत दडलेल्या असतात. "विरामावस्थेतून निघाला" याचा अर्थ `v(0) = 0`, आणि "उगमबिंदूपासून निघाला" याचा अर्थ `s(0) = 0`. या दोन वाक्यांची गल्लत फार होते; पहिले वाक्य वेगाविषयी आहे आणि दुसरे स्थानाविषयी, आणि एकावरून दुसरे गृहीत धरता येत नाही. "दगड सोडला" म्हटले की सुरुवातीचा वेग शून्य, पण तो सोडणारा स्वतः स्थिर असेल तरच. वर चढणाऱ्या फुग्यातून वस्तू सोडली, तर सुटण्याच्या क्षणी तिचा वेग त्या फुग्याइतकाच आणि वरच्या दिशेने असतो.

तपासा: कागदावर आता तीन गोष्टी असायला हव्यात: त्वरणाचे सूत्र, आणि प्रत्येक अट कोणत्या राशीविषयी व कोणत्या क्षणाविषयी आहे हे स्पष्ट दाखवणारी दोन समीकरणे.

## टप्पा २: पहिले समाकलन आणि त्याचा स्वतःचा स्थिरांक

त्वरण हा वेगाचा अवकलज आहे, म्हणून त्वरणाचे समाकलन केल्यावर वेग मिळतो. `6t` चे समाकलन `3t²` आहे. `4e^(-2t)` चे समाकलन करताना घातांकातील `-2` ने भागावे लागते, म्हणून `-2e^(-2t)` मिळते. येथे गुणाकार करून `-8e^(-2t)` लिहिणारे समाकलनाऐवजी अवकलन करून बसलेले असतात. शंका वाटल्यास मिळालेल्या पदाचे लगेच अवकलन करून पाहावे: `-2e^(-2t)` चे अवकलन `4e^(-2t)`, म्हणजे पद बरोबर आहे.

```
v(t) = 3t² - 2e^(-2t) + C1
```

स्थिरांक याच ओळीत लिहायचा, शेवटी एकदम नव्हे. "दोन्ही समाकलने करून घेऊ आणि शेवटी एक `C` लिहू" असा विचार केला, तर स्थानाच्या सूत्रात `t` ला गुणणारे एक पद कायमचे गळते. पहिला स्थिरांक दुसऱ्या समाकलनातून जाताना `C1·t` होतो. तो नुसता स्थिर राहत नाही. ते पद गळाले की उरलेल्या एका स्थिरांकाला दोन अटी पाळाव्या लागतात, आणि ते योगायोगानेच शक्य होते.

सावधान: दोन्ही स्थिरांकांना एकच अक्षर देऊ नये. `Ct + C` असे लिहिले, की पहिल्या अटीतून मिळालेली किंमत नकळत दोन्हीकडे भरली जाते. `C1` आणि `C2` अशी निराळी नावे पहिल्या ओळीपासून ठेवावीत.

## टप्पा ३: पहिला स्थिरांक लगेच काढा

वेगाची अट आता वापरायची. `t = 0` ही किंमत वेगाच्या पूर्ण सूत्रात घालायची, प्रत्येक पदात:

```
v(0) = 3·0² - 2e^0 + C1 = -2 + C1
-2 + C1 = 3
C1 = 5
```

सर्वांत जास्त चुका या तीन ओळींत होतात. अनेक विद्यार्थी सूत्रात किंमत न घालता "`C1` म्हणजे सुरुवातीचा वेग" असे म्हणून थेट `C1 = 3` लिहितात. ही सवय लागते ती बहुपदींच्या उदाहरणांमुळे. त्वरण `6t - 4` यासारखे असेल, तर समाकलनातून आलेल्या प्रत्येक पदात `t` गुणक म्हणून असतो, `t = 0` घातल्यावर ती सगळी पदे शून्य होतात, आणि उरलेला स्थिरांक खरोखरच सुरुवातीच्या वेगाइतका येतो. घातांकी पद आले की तसे होत नाही, कारण `e^0` ची किंमत शून्य नसून एक आहे. `sin` चे समाकलन करून `cos` आले, तरी तोच प्रकार, कारण `cos 0` सुद्धा एक आहे. शिवाय अट `t = 0` ऐवजी `t = 1` या क्षणाची असेल, तर बहुपदीतही हा आडमार्ग चालत नाही.

या स्थिरांकाची गरजच न पडणारी एक रीत आहे, आणि ज्यांचा येथे वारंवार गोंधळ होतो त्यांनी ती वापरावी. सुरुवातीच्या वेगात शून्यापासून `t` पर्यंतचे निश्चित समाकल मिळवायचे. वरच्या मर्यादेची किंमत `3t² - 2e^(-2t)` येते आणि खालच्या मर्यादेची `-2`. दुसरी पहिलीतून वजा केल्यावर `3t² - 2e^(-2t) + 2` मिळते, त्यात सुरुवातीचे 3 मिळवले की `3t² - 2e^(-2t) + 5`, म्हणजे वरचेच उत्तर. जो `+2` खालच्या मर्यादेमुळे आला, तोच `C1 = 3` लिहिणाऱ्यांकडून सुटलेला असतो.

पहिला स्थिरांक दुसऱ्या समाकलनाआधी काढावा हा आग्रह सोयीचा आहे, गणिताची सक्ती नव्हे. तो नंतर काढला तरी उत्तर तेच येते. पण संख्या आधी मिळाली की पुढची ओळ लहान होते आणि वेगाची अट स्थानाच्या सूत्रात घालण्याची चूक टळते.

तपासा: पुढे जाण्यापूर्वी `v(t) = 3t² - 2e^(-2t) + 5` यात शून्य घालून पाहा. `-2 + 5 = 3` येते आणि दिलेल्या अटीशी जुळते.

## टप्पा ४: दुसरे समाकलन, दुसरा स्थिरांक

आता वेगाचे समाकलन करायचे. `3t²` पासून `t³`, `-2e^(-2t)` पासून `e^(-2t)`, आणि `5` पासून `5t` मिळते. घातांकी पदाचे चिन्ह प्रत्येक समाकलनात बदलते: ते त्वरणात अधिक होते, वेगात उणे झाले, आणि स्थानात पुन्हा अधिक झाले.

```
s(t) = t³ + e^(-2t) + 5t + C2
s(0) = 0 + 1 + 0 + C2 = 4
C2 = 3
```

येथेही `C2` ची किंमत सुरुवातीच्या स्थानाइतकी, म्हणजे 4, नाही. कारण `e^0` मुळे आलेला 1 आधीच हिशेबात आहे. पूर्ण उत्तर असे:

```
s(t) = t³ + e^(-2t) + 5t + 3
```

## टप्पा ५: पडताळा तीन ठिकाणी घ्यायचा

उत्तराचे दोनदा अवकलन केल्यावर `6t + 4e^(-2t)` मिळते, हे ठीक आहे. पण दोन्ही स्थिरांक सरळ अटींवरून उचलणाऱ्याचे उत्तर शेजारी ठेवून पाहा:

```
t³ + e^(-2t) + 3t + 4
```

याचे दोनदा अवकलन केले तरी `6t + 4e^(-2t)` हेच मिळते. पहिल्या अवकलनात 4 नाहीसा होतो, दुसऱ्यात `3t` मधून उरलेला 3 नाहीसा होतो. दोन स्थिरांकांच्या जागी कोणत्याही संख्या घातल्या तरी हा पडताळा यशस्वी होतो, कारण तो फक्त समाकलन तपासतो.

बरोबर उत्तरातून हे चुकीचे उत्तर वजा केले, तर `2t - 1` उरते. सुरुवातीला दोघांत एक मीटरचा फरक आहे, आणि दहाव्या सेकंदाला तो १९ मीटर झालेला आहे. वेगाच्या स्थिरांकातील चूक काळाबरोबर वाढत जाते, तर स्थानाच्या स्थिरांकातील चूक तेवढीच राहते. आणखी एक गोष्ट येथे दिसते: अर्ध्या सेकंदाला हा फरक नेमका शून्य होतो. म्हणजे कोणा मित्राच्या उत्तराशी एकाच क्षणाची किंमत ताडून पाहिली आणि तो क्षण दुर्दैवाने `t = 0.5` निघाला, तर चुकीचे उत्तरही बरोबर वाटेल.

म्हणून पडताळ्यात पुढील तीनही गोष्टी असाव्यात, आणि तिन्ही अंतिम सूत्रावरूनच कराव्यात, मधल्या ओळींवरून नव्हे.

1. `s(t)` मध्ये शून्य घालून दिलेले स्थान येते का: `0 + 1 + 0 + 3 = 4`. येते.
2. `s(t)` चे एकदा अवकलन करून, मग शून्य घालून, दिलेला वेग येतो का: `0 - 2 + 5 + 0 = 3`. येतो. दुसऱ्या पायरीतील क्रम महत्त्वाचा आहे: आधी अवकलन, मग किंमत. आधी किंमत घातली तर संख्या हाती येते आणि संख्येचे अवकलन शून्यच होते.
3. दोनदा अवकलन करून त्वरण परत येते का. येते.

## टप्पा ६: भौतिक उदाहरणात आधी दिशा ठरवा

गच्चीवरून वर फेकलेल्या दगडासारख्या उदाहरणात समाकलन सोपे असते, पण चिन्हांचा घोटाळा होतो. गच्ची जमिनीपासून १४.७ मीटर उंच आहे, दगड सरळ वर ९.८ मीटर प्रति सेकंद या वेगाने फेकला, आणि तो गच्चीच्या कडेबाहेरून खाली जमिनीवर पडला, असे समजू. हवेचा विरोध धरायचा नाही आणि गुरुत्व त्वरणाचे मूल्य ९.८ घ्यायचे.

पहिले वाक्य असे लिहावे: जमीन हा उगमबिंदू, वरची दिशा धन. यावरून तिन्ही चिन्हे आपोआप ठरतात. त्वरण खाली आहे म्हणून ऋण, सुरुवातीचा वेग वर आहे म्हणून धन, सुरुवातीचे स्थान उगमबिंदूच्या वर आहे म्हणून धन.

```
a(t) = -9.8
v(t) = -9.8t + 9.8
s(t) = -4.9t² + 9.8t + 14.7
```

जमिनीवर पोहोचण्याची अट `s(t) = 0` आहे. `-4.9` ने भागल्यावर `t² - 2t - 3 = 0` मिळते, त्याची मुळे 3 आणि `-1`. दगड शून्य क्षणी फेकला असल्यामुळे ऋण मूळ सोडायचे. उत्तर तीन सेकंद.

खालची दिशा धन घेतली तरी चालते, आणि उगमबिंदू गच्चीवर घेतला तरीही. तेव्हा त्वरण `+9.8`, सुरुवातीचा वेग `-9.8`, सुरुवातीचे स्थान शून्य, आणि जमीन `+14.7` वर असते. समीकरण पुन्हा तेच येते, उत्तर पुन्हा तीन सेकंद. चूक होते ती दोन्ही पद्धती मिसळल्यावर: "गुरुत्व खाली ओढते, म्हणून खालची दिशा धन" असे मनात धरून त्वरण `+9.8` लिहायचे, आणि "दगड वर फेकला" म्हणून वेगही `+9.8` लिहायचा. मग `4.9t² + 9.8t = 14.7` असे समीकरण होते आणि त्यातून एक सेकंद हे नीटनेटके उत्तर निघते. नीटनेटके असल्यामुळेच ते खरे वाटते. प्रत्यक्षात ते त्याच वेगाने खाली फेकलेल्या दगडाचे उत्तर आहे.

तपासा: वेग शून्य होण्याचा क्षण शोधा. बरोबर सूत्रात तो `t = 1` येतो आणि त्या क्षणी दगड १९.६ मीटर उंचीवर, म्हणजे गच्चीच्या वर असतो. मिसळलेल्या चिन्हांच्या सूत्रात वेग `9.8t + 9.8` आहे, जो फेकल्यानंतर कधीच शून्य होत नाही. वर फेकलेला दगड कुठेही थांबत नसेल, तर चिन्हे चुकली आहेत.

## टप्पा ७: अटी निराळ्या क्षणांच्या असतील तर

कधी वेग दिलेलाच नसतो आणि दोन क्षणांची स्थाने दिलेली असतात. उदाहरणार्थ:

```
a(t) = 6t - 4,   s(1) = 6,   s(2) = 9
```

अशा वेळी टप्पा ३ मधील क्रम पाळता येत नाही, कारण वेगाच्या सूत्रात घालण्यासारखी एकही अट नाही. म्हणून `C1` तसाच ठेवून दुसरे समाकलन पूर्ण करायचे, आणि दोन्ही अटी स्थानाच्या सूत्रात घालायच्या.

```
v(t) = 3t² - 4t + C1
s(t) = t³ - 2t² + C1·t + C2

s(1):  -1 + C1 + C2 = 6
s(2):   0 + 2·C1 + C2 = 9
```

ही साधी एकसामयिक समीकरणे आहेत. `C1 + C2 = 7` आणि `2·C1 + C2 = 9`, म्हणून `C1 = 2` आणि `C2 = 5`.

येथे टाळण्याची गोष्ट म्हणजे सरासरी वेगाचा आधार. एका सेकंदात कण 6 वरून 9 वर गेला, म्हणून वेग 3, असे समजून `v(1) = 3` लिहिणारे बरेच आढळतात. त्वरण शून्य नसताना सरासरी वेग आणि एखाद्या ठरावीक क्षणीचा वेग सारखा असेलच असे नाही. मिळालेल्या सूत्रानुसार `v(1) = 1` आणि `v(2) = 6` आहे. सरासरी 3 ही किंमत कणाने या दोन क्षणांच्या मध्ये कधीतरी गाठलेली आहे, सुरुवातीला नव्हे.

## टप्पा ८: अटी दोन असूनही उत्तर निघत नसेल तेव्हा

दोन स्थिरांकांसाठी दोन अटी लागतात, पण कोणत्याही दोन अटी पुरत नाहीत. त्याच `a(t) = 6t - 4` साठी `v(0) = 2` आणि `v(1) = 1` असे दिले, तर पहिल्या अटीवरून `C1 = 2` मिळते, आणि दुसरी अट `3 - 4 + 2 = 1` अशी आपोआप पूर्ण होते. तिने नवीन काहीच सांगितले नाही. `C2` अजून पूर्णपणे मोकळा आहे, कारण वेगाच्या सूत्रात तो येतच नाही. अशा वेळी "`C2` शून्य धरू" असे लिहून पुढे जाणे म्हणजे कण उगमबिंदूपासून निघाला ही अट आपल्या मनाने जोडणे होय. योग्य उत्तर `s(t) = t³ - 2t² + 2t + C2` असे स्थिरांकासकटच लिहावे, आणि स्थानाविषयी एकही अट दिलेली नसल्याने तो ठरवता येत नाही हे नोंदवावे. एका क्षणापासून दुसऱ्या क्षणापर्यंतचे विस्थापन मात्र याही स्थितीत काढता येते, कारण वजाबाकीत `C2` निघून जातो: पहिल्या सेकंदातील विस्थापन `s(1) - s(0) = 1` मीटर.

दुसरी अट `v(1) = 5` अशी असती, तर प्रसंग वेगळा होता. `C1` ची किंमत पहिल्या अटीवरून 2 आणि दुसरीवरून 6 येते, आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. असे त्वरण आणि असे दोन वेग असणारी गतीच अस्तित्वात नाही. येथे दोन्ही किमतींची सरासरी काढणे किंवा सोयीची एक अट निवडणे निरर्थक आहे. त्वरणाचे सूत्र उतरवताना चिन्ह किंवा गुणक चुकला आहे का, आणि दुसरी अट खरोखर वेगाचीच आहे की स्थानाची, हे मूळ प्रश्नाशी ताडून पाहावे. `s(1) = 5` च्या जागी `v(1) = 5` उतरवले गेले असेल, तर `1 - 2 + 2 + C2 = 5` वरून `C2 = 4` मिळते आणि उदाहरण सुटते.